६१२ डॉलर सोडवायला गेलो आणि २८,७०० घालवून बसलो

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बी.कॉम. झालोय, चार वर्षांपासून ऑनलाइन काम करतोय, 'तुमचं केवायसी बंद पडेल' म्हणणाऱ्यांना मी स्वतः फोनवर अर्धा तास घुमवलेलं आहे. तरी फसलो. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, इथे सांगतोय.

माझं काम म्हणजे परदेशातल्या ऑनलाइन दुकानांच्या मालाचे फोटो साफ करणं. मागचा भाग काढायचा, सावली बसवायची, डाग पुसायचे. आमच्या गावात दिवसा लाईनचा भरवसा नाही, म्हणून रात्री बसतो. मे महिन्यात काम देणाऱ्या परदेशी साइटवरच्या माझ्या खात्यावर ६१२ डॉलर जमले होते. पेरणी तोंडावर होती, बाबांना सोयाबीनचं बियाणं आणि खत उचलायचं होतं. पैसे काढायचं बटण दाबलं तर वर लाल पट्टी: पैसे रोखले आहेत, ओळख पडताळणी बाकी.

कारण खरं सांगायचं तर माझ्याकडेच होतं. साइटवरचं खातं माझ्या नावाचं आणि बँक खातं बाबांचं. आमच्याकडे कापसाचे चुकारे, पीक विमा, सगळं बाबांच्याच खात्यात येतं. माझं खातं वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. आधी तीनदा लहान रकमा त्याच खात्यात आल्या, तेव्हा कोणाला काही खटकलं नाही. मग मी तरी काहून बदलू? पण रक्कम मोठी झाली की तपासणी लागते आणि कमावणाऱ्याचं नाव बँकेतल्या नावाशी जुळावं लागतं.

आधार पाठवलं, नाकारलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा नाकारलं. यातली गंमत नंतर कळली, तेव्हा कपाळावर हात मारला. कार्डाचा फोटो काढताना खालची सतरंजी दिसत होती. सवयीप्रमाणे मी ती सतरंजी कापून टाकली, कार्डाच्या कडा सरळ केल्या, प्लास्टिकवरची चमक पुसली. म्हणजे ओळखपत्राच्या फोटोत फेरफार केलेला, असंच त्यांच्या यंत्राला दिसणार! फोटो जसाच्या तसा पाठवा. चारही कोपरे दिसू द्या, मागे सतरंजी असो की ढेप.

दहा दिवस त्यांच्याकडून एकाच साच्यातली उत्तरं येत होती. वैतागून मी टेलिग्रामच्या एका ग्रुपात माझ्या तक्रारीचा स्क्रीनशॉट टाकला, कोणाला अनुभव आहे का म्हणून. तासाभरात एकाचा मेसेज. डीपीला साइटचं चिन्ह, आणि पहिल्याच ओळीत माझा तक्रार क्रमांक आणि अडकलेली रक्कम. मला वाटलं, एवढी आतली माहिती आहे म्हणजे कंपनीचाच माणूस. अरे बाबू, ती माहिती तासाभरापूर्वी तूच त्या ग्रुपात टाकली होती! तक्रार क्रमांक, रक्कम, ऑर्डर नंबर, यातलं काहीही कुठे टाकू नका.

त्याने आधी 'रिलीज फी' म्हणून ४,९०० मागितले. मग जीएसटी म्हणून ९,३००. मग डॉलर बदलण्याची 'परत मिळणारी अनामत' १४,५००. प्रत्येक वेळी वाटायचं, आता एवढं भरलंच आहे तर शेवटचं भरून टाकू.

पण मला झोप लागू देत नाही ती पहिली पायरी. क्यूआर स्कॅन केला तेव्हा फोनवर बँकेतलं नाव आलं: कुठल्याशा मोबाइल रिचार्ज सेंटरचं. परदेशी कंपनी, आणि पैसे रिचार्जच्या दुकानाच्या नावावर. मी ते वाचलं. अंगठा थांबलाही. तेवढ्यात दारातून बाबांनी हाक दिली, "कृषी केंद्रवाला उद्या सकाळी नगदी मागते रे, तुह्ये पैसे कवा येतात?" आणि मी पिन टाकला. बाबांना दोष देत नाही. पण त्या घाईत कोणीही तेच केलं असतं, असं मला अजूनही वाटतं. आणि साधी गोष्ट बघा, अशा साइटला तुमच्याकडून फी घ्यायची असेल तर ती तुमच्याच अडकलेल्या रकमेतून कापते. पैसे सोडायला आधी पैसे भरा म्हणणारा त्यांचा नसतोच.

लाजेपायी तीन दिवस गप्प बसलो. हीच दुसरी चूक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन केला असता तर पैसे गेलेल्या खात्यात कदाचित बरंच सापडलं असतं. तीन दिवसांनी तक्रार केली तेव्हा फक्त ६,२०० गोठवता आले, आणि तेही कोर्टाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, असं तेव्हा मला सांगितलं.

पोलीस ठाण्यातला प्रकार तर सांगायलाच नको. साहेब म्हणाले, "पैसे अमेरिकेत अडकले न तुमचे? मग आम्ही काय विमानानं जाऊ?" मी दोनदा सांगितलं की साहेब, तो विषय वेगळा, मी यूपीआयनं गेलेल्या पैशांचं म्हणतोय. तर म्हणे जिल्ह्याला जा. ५२ किलोमीटर, दोन बसा. तिथे म्हणे ऑनलाइन तक्रार केली ना, मग पावती घेऊन ठाण्यातच जा. बँकेत गेलो तर बाईंनी मान वर न करता विचारलं, "पिन कोणी टाकला?" मी टाकला. "मग?" चार चकरा, मजुरीचे चार दिवस आणि चहाचे पैसे वेगळे. फसवणाऱ्याने निदान प्रत्येक मेसेजला उत्तर तरी दिलं होतं.

अडकलेले डॉलर सुटले ते वेगळ्याच वाटेने, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. माझं बंद खातं पुन्हा चालू केलं, साइटवर तेच जोडलं. आधारचा जसाच्या तसा फोटो आणि पासबुकाचं पहिलं पान लावलं. मी रागाने सात तक्रारी टाकल्या होत्या; नवी तक्रार टाकली की बरेचदा रांगेत पुन्हा मागे जातो. त्यामुळे सगळ्यात जुन्या तक्रारीतच उत्तर दिलं. त्यात रडगाणं नव्हतं, पेरणीचा उल्लेखही नव्हता. इंग्रजीत सरळ लिहिलं, त्याचा अर्थ असा:

"बँक खातं वडिलांच्या नावाचं होतं, ही माझी चूक. आता माझ्या नावाचं जोडलं आहे. ६१२ डॉलर ११ ऑर्डरींचे आहेत. प्रत्येकीचा क्रमांक, काम दिल्याची तारीख आणि ग्राहकाने मंजूर केल्याची तारीख खाली दिली आहे. कोणता कागद अजून बाकी आहे? कोणत्या ऑर्डरीवर आक्षेप आहे? आक्षेप नसलेली रक्कम तुमच्या कोणत्या नियमाने आणि कोणत्या तारखेपर्यंत रोखली आहे, ते कळवा."

या तीन प्रश्नांनी काम केलं. पहिल्यांदा माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. दोन ऑर्डरींच्या ग्राहकाने कार्डाचे पैसे बँकेकडून परत ओढले होते, ते १४८ डॉलर गेले. मूळ फाइली दाखवून भांडलो, पण कार्डच चोरीचं निघालं तर काम खरं असूनही साइट पैसे देत नाही. उरलेले ४६४ त्यांच्या नियमातल्या ९० दिवसांनंतर सुटले. आधीच कमाईचं विवरण आणि ग्राहकांशी झालेलं बोलणं उतरवून ठेवलं होतं, म्हणून त्या तारखा देता आल्या; लाल पट्टी दिसली की पहिलं काम तेच करा. आणि पैसे रोखणं वेगळं, खातं कायमचं बंद करणं वेगळं. मेलमधला शब्द नीट वाचा, दुसऱ्यात आधी फेरविचाराचा अर्ज लागतो.

पैसे आले तोवर सोयाबीन फुलावर आलं होतं. बियाणं उधारीवर, व्याजानं उचललं.

काल त्याच ग्रुपात एका पोराने तक्रार क्रमांकासकट स्क्रीनशॉट टाकला. मी लगेच त्याला लिहिलं, भाऊ, हे काढ, आता तुला एक जण मेसेज करेल. त्याने मलाच तो फसवणारा समजून ब्लॉक केलं.