वाचनालयाच्या वेळेसाठी संपादकांना पत्र लिहिलं, पाच महिन्यांनंतरचा अनुभव

मी नाशिकला सिडकोत राहते, बी.कॉम. दुसरं वर्ष. घर दोन खोल्यांचं आणि पप्पांची अंबडला शिफ्ट ड्युटी, नाइट असली की सकाळी सात-साडेसातला येऊन झोपतात, मग दुपारपर्यंत घरात पंखा सोडून कशाचाच आवाज चालत नाही. म्हणून मी बारावीपासून आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयात अभ्यासाला जाते. नाव लिहीत नाही, कारण कोणाला बदनाम करायचं नाहीये.

आधी तिथे सकाळी 8 ते 12 आणि संध्याकाळी 4 ते 8:30 अशी वेळ होती. मग सकाळचे 12 चे 10 झाले, मग सकाळ पूर्ण बंद, आणि या वर्षी मे महिन्यात संध्याकाळ पण 5 ते 8 वर आली. म्हणजे साडेआठ तासांवरून तीन तास. दाराशेजारच्या फळ्यावर ऑइलपेंटने वेळ लिहिलेली होती, त्यावर पांढरी पट्टी मारून नवीन वेळ टाकली, पण खालचा 8 चा आकडा अजून पुसट दिसायचा आणि मला रोज तोच दिसायचा.

मे महिन्यातच मी पेपरला पत्र लिहायचं ठरवलं. दहावीला पत्रलेखनात शिकवतात तसंच, प्रति, मा. संपादक, विषय, महोदय, शेवटी आपली विश्वासू. पहिला ड्राफ्ट रात्रीत लिहिला आणि तो अगदी वाईट होता हे आज स्पष्ट सांगते. तीन पानं, त्यात वाचनसंस्कृती, तरुण पिढी, नाशिकला 1840 पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे वगैरे सगळं, आणि वेळ किती कमी झाली हे थेट दुसऱ्या पानावर. वर तिथल्या ग्रंथपाल ताईंवर पण राग काढला होता. मावशीने वाचलं आणि एकच विचारलं, अगं पण तुला नक्की काय हवंय? मला एका वाक्यात सांगता आलं नाही.

मग मी पत्र बाजूला ठेवलं आणि एक वही केली. 24 दिवस रोज लिहिलं, दार किती वाजता उघडलं, किती वाजता बंद झालं, सहा वाजता आत किती जण होते. खुर्च्या 16 आहेत. 24 पैकी 11 दिवस सहाला एकही खुर्ची रिकामी नव्हती, 7 दिवस दार सव्वापाचनंतर उघडलं आणि 3 दिवस काही सूचना न लावता बंद होतं. वही भरल्यावर माझा स्वतःचाच समज बदलला, मला वाटायचं रोजच उशीर होतो, तसं नव्हतं, खरा प्रश्न सकाळचा होता.

त्याच दरम्यान ताईंशी बोलले आणि कारण कळलं. वाचनालय सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गातलं आहे. राज्य सरकार ‘ड’ वर्गाला वर्षाला 30 हजार अनुदान द्यायचं, 2022 मधे 60 टक्के वाढ झाली तेव्हा ते 48 हजार झालं. महिन्याला चार हजार धरा. त्यात ताईंचं मानधन, पेपर, मासिकं, लाइट बिल, नवीन पुस्तकं सगळं. सकाळी एक दादा बसायचे ते सोडून गेले आणि तेवढ्या पैशात दुसरं कोणी मिळालं नाही. ताई एकट्या, त्या दुपारी दुसरीकडे काम करतात, तिथून बस पकडून यायचं म्हणून पाचला उशीर. हे ऐकल्यावर पहिला ड्राफ्ट फाडला. मला खरंच वाईट वाटलं होतं.

आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी पत्राचा मुख्य मुद्दा झाली. पुस्तकांची देवघेव आणि बसून वाचायची खोली ही दोन वेगळी कामं आहेत. देवघेवीला रजिस्टर, कार्ड, दंड, ग्रंथपाल सगळं लागतं. बसायच्या खोलीला फक्त किल्ली असलेला एक जबाबदार माणूस लागतो. कपाटांना कुलूप लावून खोली उघडता येते.

पेपरला पाठवायच्या आधी तोच मजकूर वाचनालयाच्या कार्यवाहांना दिला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. पंधरा दिवस थांबले, उत्तर नाही आलं, तेव्हाच पाठवलं. पत्राचा सुरुवातीचा भाग असा होता:

“महोदय, आमच्या भागातील वाचनालय पूर्वी दररोज साडेआठ तास उघडे असे, आता ते तीन तास उघडे असते. मी 24 दिवस नोंद ठेवली असता 11 दिवस सायंकाळी सहा वाजता सर्व 16 खुर्च्या भरलेल्या आढळल्या. तेथील ग्रंथपाल एकट्याने काम पाहतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. देवघेव बंद ठेवून केवळ वाचनकक्ष सकाळी 8 ते 10 या वेळेत उघडावा, ही विनंती. याबाबत दि. 20 जून रोजी कार्यवाहांना निवेदन दिले असून त्याची पोच माझ्याकडे आहे.”

मी 310 शब्द पाठवले होते, छापून आले साधारण 150, तेही बारा दिवसांनी, जुलैच्या मध्यात. कापलं ते सगळं खालून. माझ्या घरची परिस्थिती, परीक्षेचं वेळापत्रक, आभार, सगळं गेलं, पण आकडे आणि मागणी वर होती म्हणून ती वाचली. लिहिणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवा, विनंती शेवटच्या परिच्छेदात ठेवली तर ती सगळ्यात आधी उडते. आणि खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन द्या, मला छापायच्या आधी पेपरमधून फोन आला होता, पत्र तुमचंच का आणि पोच खरंच आहे का एवढंच विचारलं.

छापून आल्यावर लगेच काही झालं नाही. ताईंनी कात्रण नोटीस बोर्डला लावलं, त्यावरून कार्यकारी मंडळातल्या एकांनी त्यांना बोलून दाखवलं, याचा मला त्रास झाला, मी जाऊन कार्यवाहांना सांगितलं की ताईंनी मला लिहायला सांगितलेलं नाही. ते नीट बोलले. त्यांची खरी भीती किल्लीची होती, काही हरवलं तर जबाबदार कोण. सप्टेंबरमधे मंडळाच्या बैठकीत ठरलं की दोन निवृत्त सभासद आळीपाळीने किल्ली ठेवतील, येणाऱ्याने वहीत नाव, वेळ, सही करायची, बॅग बाहेर रॅकवर.

पत्र छापून येऊन आज पाच महिने झाले. सोमवार ते शनिवार सकाळी 8 ते 10 खोली उघडते. दिवाळीच्या आठवड्यात आणि एक काका आजारी असताना चार दिवस बंद होती, म्हणजे व्यवस्था दोन माणसांवर टेकलेली आहे आणि तिसरं नाव अजून मिळालेलं नाही. संध्याकाळ 8 लाच संपते, ती पत्राने बदलली नाही, कारण तिथे प्रश्न पगाराचा आहे आणि तो कार्यवाहांच्या हातात नाही. त्यासाठी आता वेगळं निवेदन जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या ऑफिसला द्यायचंय, सहीसाठी आतापर्यंत 41 सभासद तयार आहेत.

फळ्यावर मागच्या आठवड्यात परत रंग मारला. सकाळी 8 ते 10, त्याखाली बारीक अक्षरात ‘फक्त वाचनकक्ष’. पप्पांची नाइट असली की मी पावणेआठला निघते.