कॅशे पुसावी की नवे प्रोफाइल करावे?

फायरफॉक्समध्ये साठ टॅब उघडे असताना टाइप केलेली अक्षरे क्षणभर थांबून उमटू लागली की बहुतेक जण आधी कॅशे पुसतात. पण कॅशे ही मुख्यतः डिस्कवरची साठवण असल्याने उघड्या टॅबनी व्यापलेली मेमरी त्यामुळे मोकळी होत नाही, उलट प्रत्येक संकेतस्थळ पहिल्यांदा सावकाशच उघडते. एखादेच पान मोडके दिसत असेल, तर मात्र हाच उपाय योग्य.

नवे प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज, एक्स्टेन्शन आणि पासवर्ड यांचा नवा कोरा संच, हा उपाय जड, पण निदानासाठी अधिक उपयोगी आहे. आधी अॅड्रेस बारमध्ये `about:processes` उघडून एक्स्टेन्शनच्या ओळीवर सीपीयूचा आकडा सतत चढा आहे का ते पाहावे आणि ट्रबलशूट मोडमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शन बंद ठेवून, तेच टॅब चालवावेत. वेग परतला, तर बहुधा दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा असतो. तरीही रखडत असेल, तर `about:profiles` मधून नवे प्रोफाइल तयार करून तितकेच टॅब उघडावेत. तेथे सुरळीत चालले, तर संशय जुन्या प्रोफाइलवरच जातो. ते लगेच पुसू नये, कारण पासवर्ड हवे असल्यास ब्राउझर बंद करून त्यातील `logins.json` आणि `key4.db` या दोन्ही फाइली नव्यात न्याव्या लागतात. पहिली एकटीच नेली, तर पासवर्ड उलगडत नाहीत.