गेम अडकतोय: ग्राफिक्स उतरवायचे की मागची अ‍ॅप्स बंद करायची?

चार जीबी रॅमच्या फोनवर बीजीएमआय अडकायला लागला की दोनच सल्ले मिळतात: ग्राफिक्स कमी कर, नाहीतर मागचं सगळं बंद कर. दोन्ही एकदम केले तर नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही. त्यापेक्षा लॅग कधी सुरू होतो ते आधी बघा.

पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम मस्त चालतो, मग कॅमेऱ्याजवळची पाठ तापते आणि धावताना स्क्रीन अडखळते. असं होत असेल तर दोष उष्णतेचा. चिप तापली की फोन स्वतःच तिचा वेग उतरवतो. नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना ही पाळी लवकर येते, कारण बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की फोनची उष्णता जाणार कुठे? इथे अ‍ॅप्स बंद करून फारसं काही हाती लागत नाही.

माझ्या भाच्याच्या फोनचं हेच होतं. सेटिंग होतं ग्राफिक्स Balanced, फ्रेम रेट Ultra, म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम. एक फ्रेम २५ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी; तापलेल्या चिपला ते कधी जमायचं, कधी नाही, आणि डोळ्याला खुपतो तो हाच विस्कळीतपणा. ग्राफिक्स Smooth आणि फ्रेम रेट High, म्हणजे ३०, केलं आणि सावल्या बंद केल्या. प्रत्येक फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळाले. "मामा, ३० म्हणजे स्लो ना?" असं त्यानं विचारलंच. पण शेवटच्या झोनपर्यंत टिकणारे ३० हे मध्येच वीसवर घसरणाऱ्या ४० पेक्षा बरे. सोबत कव्हर काढलं, आणि चार्जिंगला लावून खेळणं बंद, कारण चार्ज होताना बॅटरीही तापते. (कूलरसमोर बसा, पण तुषार उडतील इतकं जवळ नको.)

फोन थंड असतानाच, पहिल्या मिनिटापासून झटके बसत असतील, किंवा कॉल घेऊन परतल्यावर गेम पुन्हा सुरुवातीपासून लोड होत असेल, तर मात्र रॅम अपुरी पडतेय. हे दुसऱ्या उपायाचं काम. मात्र रिसेंट्समधून सगळं सरकवून टाकणं हा बहुतेक वेळा नुसता समाधानाचा खेळ. मागे नुसती पडून असलेली अ‍ॅप्स अँड्रॉइड गरज पडली की स्वतःच काढतो. खरा भार असतो मागे चालू असलेल्या कामांचा: प्ले स्टोअरचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, स्क्रीन रेकॉर्डिंग. ती खेळण्याआधी थांबवा. एखादं अ‍ॅप तरीही डोकं वर काढत असेल तर त्याला Force stop द्या.

डेव्हलपर ऑप्शन्समधली Background process limit मी तरी वापरत नाही. मेसेजच्या सूचना उशिरा येऊ शकतात, आणि फोन रीस्टार्ट झाला की ती पुन्हा पूर्ववत होते.