पापण्या: तयार ब्रश की हाताच्या रेघा?
आर्वीकडच्या एका नवरीचा फोटो अल्बमसाठी आला. मांडवाच्या उजेडात पापण्या विरळ दिसत होत्या. फोटोशॉपमधल्या तयार पापणी-ब्रशचा ठसा मिनिटभरात बसला, पण सगळे केस काळेकुट्ट, एकसारखे. डोळा बाहुलीचा वाटला. नजर बाजूला असेल तर ठशाचा बाक पापणीच्या कडेशी जुळतही नाही.

हाताने वेळ लागतो, तरी मी तेच करते. फोटोशॉपमध्ये वेगळ्या लेयरवर 3 पिक्सेलचा ब्रश घ्यायचा आणि Shape Dynamics मध्ये Size Jitter खालच्या Control ला Fade द्यायचं, म्हणजे टोक निमुळतं होतं. रंग तिच्याच पापणीतला गडद तपकिरी. रेघ मुळापासून आधी किंचित खाली, मग वर वळवायची. बाहेरच्या कोपऱ्याकडे लांब, नाकाकडे आखूड. दोन-तीन टोकं एकमेकांना टेकली तर चालतं, मुळं मात्र सुटी हवीत. ती चिकटली की काजळाचा गोळा दिसतो.