कॅटलॉग सॉफ्टवेअर पावसाळाभर वापरल्यावर: स्टॉक चोख, सर्च मात्र हायफनवर अडतो

म्हापशात आमचं बेअरिंग, ऑइल सील आणि बेल्टचं दुकान आहे. उन्हाळ्याच्या शेवटी हे सॉफ्टवेअर घेतलं, आता चवथ होऊन गेल्यावर लिहितोय. बिलिंग, जीएसटी, स्टॉक हे सगळं ठीक चालतं, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते वरच्या सर्चच्या चौकटीबद्दल, कारण काउंटरवरच्या मुलाचं दिवसभराचं काम तिथेच असतं. तिथे माल सापडला नाही, तर कपाटात असूनही तो विकला जात नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, आणि तेव्हाच ट्रॉलरवाले पंप, विंच, सगळं उघडून बसतात. मालीम जेटीवरचा एक जुना गिऱ्हाईक पंपासाठी रबर सीलचं बासष्ट झिरो पाच बेअरिंग मागायला आला. मुलाने टाकलं `6205 -2RS`. समोर उघडं 6205 आलं, पत्र्याच्या झाकणांचं ZZ आलं, C3 आलं, पण रबर सीलचं एकही नाही. "सीलवाला नाही, बाब," असं मुलाने सांगितलं आणि गिऱ्हाईक गेला. संध्याकाळी मी कपाट उघडलं तर माल होता. खाऱ्या पाण्याजवळच्या पंपाला ZZ देऊन भागत नाही, पत्र्याच्या झाकणाला फट असते आणि पाणी आत जातं. म्हणून गिऱ्हाइकाने ZZ घेतलं नाही ते बरोबरच होतं.

कस्टमर केअरला फोन केला. उत्तर मिळालं, "कोड मास्टरमध्ये जसा आहे तसाच टाका, सर." पण मास्टर त्यांनीच कंपन्यांच्या प्राइस लिस्टवरून भरून दिलेला. एका कंपनीचा `6205-2RS`, दुसरीचा `6205 2RS`, तिसरीचा `62052RS`. कुठला कसा लिहिलाय हे मुलाने पाठ करायचं का? या उत्तराचा मला खरोखर राग आला, कारण पैसे आम्ही शोधायची मेहनत वाचावी म्हणून भरतो.

मग भाच्याला बसवलं. तो फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकला, आता डेटाबेसचंच काम करतो. त्याने निरनिराळ्या तऱ्हांनी कोड टाकून पाहिले आणि कारण सांगितलं. हा सर्च लेख शोधण्यासाठी बनवलेला आहे. तो हायफनवर आणि मोकळ्या जागेवर मजकूर तोडतो, म्हणजे `6205-2RS` चे `6205` आणि `2RS` असे दोन शब्द होतात. `62052RS` मात्र अखंड एकच शब्द, म्हणून तो या दोघांशी कधीच जुळत नाही. आणि हायफनच्या आधी जागा सोडून पुढे लगेच अक्षर आलं की अशा सर्चमध्ये त्याचा अर्थ "हा शब्द वगळा" असा होतो. मुलाने मागितलं रबर सीलचं, यंत्राने वाचलं "रबर सीलचं सोडून सगळं". रिकामा निकाल आला असता तर निदान शंका तरी आली असती. इथे पडदा भरलेला होता, म्हणून कोणाला संशयच आला नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का ते ओळखायला आधी नुसतं `6205` टाका, मग `6205 -2RS`. दुसऱ्या यादीतून नेमके 2RS गळाले, तर हायफन वजाबाकी करतोय असं समजा. तात्पुरता उपाय म्हणजे कोड अवतरणात टाकणे, `"6205-2RS"`. मग हायफनवाला आणि जागावाला दोन्ही येतात, जोडून लिहिलेला तरीही येत नाही.

बेल्टचं दुखणं वेगळं निघालं. `B-52` टाकलं की शून्य निकाल, आणि B सेक्शनचे बेल्ट आमचे रोज जातात. इथे `B` आणि `52` असे तुकडे पडतात आणि दोन्ही फार आखूड ठरतात. भाचा म्हणाला, MySQL या डेटाबेसच्या InnoDB मध्ये 3 अक्षरांहून लहान शब्द फुल-टेक्स्ट इंडेक्समध्ये मुळात जातच नाहीत, तशी सेटिंग असते:

```
innodb_ft_min_token_size = 3
```

ती बदलली तर सर्व्हर पुन्हा सुरू करून इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. आपल्या एका दुकानासाठी कंपनी ते करणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होतो. पण भाच्याने कंपनीला सगळं नीट लिहून पाठवलं, आणि ऑगस्टच्या अपडेटमध्ये त्यांनी बराचसा दोष दूर केला, हे मान्य करायला हवं. आता प्रत्येक कोडची एक साफ प्रत वेगळ्या रकान्यात ठेवली जाते:

```
UPDATE items SET code_key =
UPPER(REGEXP_REPLACE(code, '[^A-Za-z0-9]', ''));
```

हायफन, जागा, तिरकी रेघ, सगळं गाळून अक्षरं मोठी केली जातात, आणि मुलगा जे टाकतो त्यावरही तोच संस्कार होतो. `6205 -2rs` काय, `6205/2RS` काय, दोन्हींचं `62052RS` होतं. पीडीएफ बिलातून उचललेली लांब रेघसुद्धा गळून जाते, ती पूर्वी हायफन म्हणून ओळखलीच जात नव्हती. `B52` लगेच सापडतो. मूळ कोड बिलावर जसाच्या तसा छापला जातो, हे त्यांनी शहाणपणाने केलंय.

अर्धवट कोडचं काम अजून निम्मंच झालंय. सुरुवातीचे आकडे टाकले तर पुढचं सगळं येतं. पण गंजलेलं बेअरिंग येतं तेव्हा बहुतेक शेपूटच वाचता येते, `05 2RS` एवढीच. शेवटच्या 05 वरून आतलं भोक 25 मिलिमीटर हे कळतं, पण 6005, 6205 आणि 6305 या तिघांचंही भोक तेच. बाहेरचा व्यास अनुक्रमे 47, 52 आणि 62, तो व्हर्नियरने मोजून ठरवता येतो. अडचण एवढीच की ते तिघे एका यादीत समोर यायला हवेत. कंपनी म्हणते, मधूनच शोधलं तर इंडेक्स वापरला जात नाही आणि लाखभर आयटमवर सर्च मंदावतो. ते खरं आहे. पण शेपटीसाठी साफ प्रतच उलटी करून आणखी एका रकान्यात ठेवली, म्हणजे `SR25026`, आणि टाकलेला तुकडाही उलटा केला, तर शेवटाचा शोध सुरुवातीच्या शोधाइतकाच जलद होतो. भाच्याने हे त्यांना कळवलंय.

आणि ऑइल सील. `20x35x7` मधला x अक्षर म्हणून राहतो, पण गिऱ्हाईक चिठ्ठीवर `20-35-7` लिहून आणतो. त्याचं होतं `20357`, मग जुळणार कसं? उलट ओ-रिंग `20x3.5` टाकली की दशांशाचा टिंब गळतो, `20X35` उरतं आणि समोर ऑइल सील येतात. मापांसाठी गाळण्याचा हा नियमच चुकीचा आहे. तिथे दोन आकड्यांमधला x, हायफन, फुली किंवा जागा यांना एकच खूण मानावी आणि टिंबाला हात लावू नये.

सध्या तीन स्टार. दुसऱ्या काउंटरचं लायसन्स मी थांबवून ठेवलंय, मापांचा सर्च सुधारल्याशिवाय त्याचे पैसे देणार नाही. तुम्ही घेणार असाल तर डेमोवाल्याला स्वतःच्या दुकानातले कोड द्या आणि `6205 -2RS`, `B-52`, `20-35-7` आणि `20x3.5` हे चार त्याच्यासमोर, पैसे भरायच्या आधी टाकून बघा.