कलेक्टर की सीईओ? अर्ज नेमका कुणाकडे

शहापूर तालुक्यातल्या माझ्या मामेभावाने वादळानंतर फोन केला. गावच्या जिल्हा परिषद शाळेचे पत्रे उडाले, शेजारच्या दोन घरांचेही. "दादा, ठाण्याला येतोय. कलेक्टरसाहेबांना भेटू की जिल्हा परिषदेच्या सीईओंना?"

पहिला प्रश्न हाताखालच्या माणसांचा. जिल्हाधिकाऱ्यांची साखळी प्रांत, तहसीलदार, तलाठी अशी खाली जाते. घरांचा पंचनामा तलाठी करतो, त्यामुळे भरपाईची वाट तहसीलमधूनच. शाळा मात्र सीईओंची. तिथे मुख्याध्यापकांचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं आणि जिल्हा परिषदेचा अभियंता अंदाजपत्रक करतो. सीईओ हे कलेक्टरांच्या हाताखालचे अधिकारी नाहीत, हे लोकांना माहीतच नसतं. म्हणून शाळेचा अर्ज कलेक्टर कचेरीत दिला, तर तो शेवटी जिल्हा परिषदेकडेच पाठवला जातो आणि मधले दिवस मुलं ओल्या वर्गात बसतात.

पैशांत दोघं एकमेकांत गुंततात. दुरुस्ती जिल्हा वार्षिक योजनेतून करायची असेल, तर प्रस्ताव जिल्हा परिषदेचा आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव कलेक्टर. अशा वेळी अर्ज सीईओंना, प्रत कलेक्टरांना.

हद्दीचंही बघा. ठाणे, नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत सीईओंचा कारभार नाही. सातबारा मात्र तिथेही महसुलाचाच.

भावाला सांगितलं, घरांसाठी तहसील गाठ, शाळेसाठी सीईओ. नवी खोली सरकारी जागेवर बांधायची झाली, तर जागेची मागणी कलेक्टरांकडे.