भाताऐवजी भाकरी: ट्रायग्लिसराइड उतरतं, एलडीएल तिथंच का राहतं?

सांगलीत आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा लिपिड प्रोफाइलचा कागद असतो आणि तोंडी एकच प्रश्न असतो: "मॅडम, गहू-तांदूळ बंद करून ज्वारी-बाजरीवर आलो तर हे खाली येईल का?" त्या 'हे' मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत: ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल. धान्य बदलण्याचा दोन्हींवर सारखा परिणाम होत नाही. म्हणून आधी कागदावरचा कुठला आकडा वाढलाय ते बघा, धान्याचं नंतर ठरवा.

गेल्या वर्षी एक दुकानदार आले होते, वय 47. नाव सांगत नाही, आकडे सांगते. एकूण कोलेस्टेरॉल 228, एचडीएल 36, ट्रायग्लिसराइड 290, एलडीएल 134. साखर अजून मधुमेहात गेलेली नव्हती, पण काठावर होती. पोट सुटलेलं. कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर रोज भाकरी खाल्ली होती आणि पुन्हा तपासलं तर ट्रायग्लिसराइड जिथल्या तिथं. त्यांचा भाकरीवरचा विश्वास उडाला होता.

मी विचारलं, भाकरी कशाच्या जागी खाता? ते म्हणाले, "जागी कुठं? भात असतोच की. भाकरी आधी, भात नंतर."

इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. मध्यम जाडीच्या एका भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं, त्यातून 200 कॅलरी मिळतात. तेवढ्याच कच्च्या तांदळाचा भात केला तर तोही 210 च्या आसपास भरतो. म्हणजे भाकरी काही हलकी नाही. तिचा फायदा भाताच्या जागी ती आली तरच. भाताच्या सोबतीला आली, तर ताटात रोज 200 कॅलरी वाढल्या एवढाच तिचा अर्थ.

मग जागा बदलून नेमकं काय मिळतं? तंतू. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, बाजरी-नाचणीत 11 ते साडेअकरा. पॉलिश केलेल्या तांदळात पावणेतीन, मैद्यातही पावणेतीनच. आता एक आकडा मुद्दाम देते, कारण तो सांगितला की लोक गप्प होतात: घरच्या चक्कीवर दळलेल्या, कोंड्यासकटच्या कणकेतही 11 ग्रॅमच्या वर तंतू असतात. तंतूंच्या बाबतीत चपाती आणि भाकरी शेजारी-शेजारी बसतात. तेव्हा लढत ज्वारी विरुद्ध गहू अशी नाहीच. एका बाजूला अख्खं धान्य आहे आणि दुसऱ्या बाजूला पांढरा भात, पाव, खारी, टोस्ट. चपाती सोडून भाकरीवर आलात आणि सकाळची खारी तशीच राहिली, तर रिपोर्ट हलणार नाही.

भाकरीला चपातीपेक्षा थोडं पुढं नेणाऱ्या दोन गोष्टी मात्र आहेत. ती थापताना तेल लागत नाही. शिवाय ज्वारीतली प्रथिनं शिजताना एकमेकांत गुंफून स्टार्चभोवती जाळी धरतात, त्यामुळं तो सावकाश पचतो. आपल्याकडं "भाकरीनं पोट धरतं" म्हणतात ते यामुळंच.

ट्रायग्लिसराइडशी याचा संबंध असा. पिठूळ आणि गोड पदार्थ भराभर पचले की रक्तात साखर उसळते, तिच्या मागोमाग इन्शुलिन वाढतं, आणि गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची यकृत चरबी बनवतं. ती चरबी रक्तात सोडली जाते आणि कागदावर ट्रायग्लिसराइड म्हणून दिसते. म्हणजे हा आकडा बराचसा ताटातल्या पिठूळ भागाचा, चहातल्या साखरेचा, दारूचा आणि पोटाच्या घेराचा आहे. धान्य बदलल्यावर हा हलतो, यात नवल नाही.

एलडीएलचं घर वेगळं. यकृत रक्तातलं एलडीएल किती वेगानं उचलून घेतं, त्यावर ते ठरतं. तो वेग वनस्पती तूप, पामतेल, लोणी, मटणाची चरबी अशा संपृक्त स्निग्धांनी मंदावतो. काहींचा जन्मतःच मंद असतो. विरघळणारे तंतू आतड्यात पित्त अडकवून तो थोडा वाढवतात, पण ज्वारी-बाजरी-नाचणीचे तंतू बहुतांशी न विरघळणारे असतात. पोट साफ व्हायला ते उत्तम, एलडीएलला मात्र त्यांचा रेटा कमी पडतो. त्या कामाला ओट्स, जव, इसबगोल आणि रोजची वाटीभर उसळ जास्त उपयोगी. दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास इसबगोल भरपूर पाण्यातून घेतलं तर एलडीएल पाच ते दहा टक्के उतरू शकतं. मध्यम ताकदीची स्टॅटिनची गोळी तेच 30 टक्के किंवा त्याहून जास्त उतरवते. ही तुलना गोळी आवडते म्हणून करत नाही. ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिलीय, त्यांनी भाकरीच्या भरवशावर ती बंद करू नये म्हणून करतेय.

2021 मध्ये भरडधान्यांवरचे 19 अभ्यास एकत्र करून एक आढावा निघाला, हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या पुढाकारानं. त्यात एकूण कोलेस्टेरॉल सुमारे आठ टक्के आणि ट्रायग्लिसराइड व एलडीएल प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आसपास उतरल्याचं दिसलं. 2023 च्या भरडधान्य वर्षात हे आकडे सगळीकडे फिरले. पण सगळे अभ्यास मिळून माणसं नऊशेच्या आसपासच, आणि भरडधान्यांचा प्रसार हे त्या संस्थेचं कामच आहे. मी त्यातला ट्रायग्लिसराइडचा आकडा मानते, एलडीएलचा आकडा हात राखून घेते.

दुकानदारांच्या दिवसाकडं परत येऊ. सकाळी दोन कप चहा आणि चार खाऱ्या. अकराला भडंग. दुपारी तीन चपात्या आणि भात. दुकानात आणखी तीन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. रात्री तीन वाट्या भात-आमटी आणि आता वर दोन भाकऱ्या. शनिवारी मित्रांसोबत 'बसणं'. बरं, सोबत आरोग्यासाठी म्हणून बेकरीतली नाचणीची बिस्किटं. पुडा मागवून वाचला तर पहिलं नाव मैद्याचं, मग साखर, मग पामतेल, आणि त्यानंतर कुठंतरी नाचणी. अशा पुड्यांवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, त्यामुळं पहिली तीन नावं वाचली तरी पुरतं. नाचणी सत्त्वाचंही थोडं असंच. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलं की तंतू फडक्यातच राहतात. आजारातून उठलेल्याला ते छान, ट्रायग्लिसराइड वाढलेल्यानं मात्र नाचणीची भाकरी खावी, किंवा न गाळलेल्या पिठाची आंबील ताक घालून.

आम्ही फार काही केलं नाही. रात्रीचा भात काढून दीड ज्वारीची भाकरी, सोबत मटकीची किंवा हुलग्याची उसळ. भाकरी येण्याआधीच्या नुसत्या भाताशी तुलना केली तर तेवढ्या एका जेवणात पिठूळ भाग तीसेक ग्रॅमनं कमी झाला आणि धान्यातले तंतू साडेतीनवरून नऊ ग्रॅमवर गेले. दुपारच्या चपात्या तशाच ठेवल्या, भात एका वाटीवर आणला. खारी बंद. चहा पाचवरून दोन कप, एकेक चमचा साखरेचा. शनिवारची बैठक महिन्यातून एकदा.

तीन महिन्यांनी वजन तीन किलोनं उतरलं होतं. एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 38, ट्रायग्लिसराइड 180, एलडीएल 136. ते खूश होते, पण एलडीएलचं बघून म्हणाले, "हे दोननं वाढलंच की!"

वाढलेलं नव्हतं. पुष्कळ ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, वजाबाकीनं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. आधी 228 उणे 36 उणे 58, म्हणजे 134. नंतर 210 उणे 38 उणे 36, म्हणजे 136. ट्रायग्लिसराइड उतरलं की वजा होणारा भाग लहान होतो, आणि एलडीएल प्रत्यक्षात जागचं हललेलं नसतं. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे सूत्र धरवतच नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. दोन रिपोर्टांची तुलना करायची तर एकूण कोलेस्टेरॉलमधून नुसतं एचडीएल वजा करून बघा: दुकानदारांचं 192 वरून 172 वर आलं होतं. खरी कमाई ती. त्यातली भाकरीची किती, साखर-दारूची किती आणि वजनाची किती, हे मला वेगळं काढता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर चहाची साखर आणि शनिवार यांचा वाटा भाकरीहून मोठा असावा.

आणखी एक. ट्रायग्लिसराइड एकाच माणसात, काही न बदलतासुद्धा, वीसेक टक्के इकडंतिकडं होतं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर त्याहून जास्त. 210 चं 190 झालं म्हणून पेढे वाटू नका. 12 तास उपाशीपोटी, आधीचे दोन-तीन दिवस दारू न घेता, त्याच लॅबमध्ये, तीन महिन्यांच्या अंतरानं तपासा. आकडा 500 च्या वर असेल तर मात्र भाकरीचे प्रयोग करत बसू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. आधी डॉक्टर. आणि दोन्ही आकडे कारणाशिवाय वाढलेले दिसले तर एकदा थायरॉइड बघून घ्या.

ज्वारी, बाजरी, नाचणी या तिन्हींतलं कुठलं निवडायचं, यावर मी डोकं फार खर्ची घालत नाही. लिपिडपुरता त्यांच्यातला फरक लहान आहे. जत-आटपाडीचा शाळू बारा महिने चालतो. माण-खटावची बाजरी थंडीत खावी, पण पीठ आठवड्यापुरतंच दळून आणावं. बाजरीत स्निग्धांश ज्वारीच्या तिप्पट असतो, त्यामुळं पीठ लवकर कडू होतं, आणि मग घरातले बाजरीला नावं ठेवतात. पाटण-जावळीकडच्या घरांत नाचणी आधीपासून आहेच. शिराळ्याकडच्या भात पिकवणाऱ्या घरांना भात सोडा म्हणणं मला जमत नाही. त्यांना मी वाटी मोजायला सांगते, एका वेळी एक, आणि आमटी घट्ट करायला.

दुकानदारांच्या एलडीएलसाठी त्यांच्या डॉक्टरांनी पुढं गोळी सुरू केली, वडिलांना पन्नाशीत हार्ट अटॅक आला होता म्हणून. भाकरी चालू आहे. भडंग सुटलेलं नाही, सांगलीत राहून ते सुटायचंही नाही. आठवड्यातून दोनदा, मूठभर, शेंगदाणे जास्त आणि चुरमुरे कमी, यावर आमची तडजोड झाली आहे.